दिवा लागतो पण पोर्ट दिसत नाही: ड्रायव्हरच्या आधी केबल बघा

प्रश्न: ईएसपी३२ बोर्ड मागवला, मायक्रो यूएसबीवाला. लॅपटॉपला (विंडोज ११) लावला की लाल दिवा लागतो, पण आर्डुइनो आयडीईत पोर्टची ओळ करडीच राहते. व्हिडिओत बघून CH340 चा ड्रायव्हर टाकला, तेव्हा `The drive is successfully Pre-installed in advance!` असं आलं, म्हणजे ड्रायव्हर बसला. तीनदा काढला, तीनदा परत टाकला. बोर्डच खराब आलाय का? परत पाठवायची मुदत परवापर्यंत आहे आणि इथे देवगडात हे बघणारं कोणी नाही.

उत्तर:

चौथ्यांदा ड्रायव्हर टाकू नका, आणि बोर्ड इतक्यात खोक्यातही भरू नका. ड्रायव्हर बसल्याची खूण म्हणून तुम्ही जे वाक्य दिलंय, तोच या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी पुरावा आहे. CH340 चा तो इन्स्टॉलर दोन वेगळी वाक्यं दाखवतो. त्या क्षणी बोर्डावरची CH340 ही यूएसबीची चिप जोडलेली सापडली तर तो `Driver install success!` म्हणतो. सापडली नाही तर ड्रायव्हरच्या फायली विंडोजमध्ये नुसत्या ठेवून देतो आणि तुम्ही पाहिलेलं वाक्य दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच, की सामान आणून ठेवलंय, चिप आली की वापरू. बोर्ड न लावता इन्स्टॉलर चालवला असेल तर या वाक्यातून काहीच कळत नाही. पण बोर्ड लावलेला असताना हे आलं असेल, तर त्याला समोर CH340 दिसलेली नाही.

याची कारणं मुख्यतः दोन असू शकतात. एक तर बोर्डाचं म्हणणं संगणकापर्यंत पोचतच नाही. नाहीतर ते पोचतंय, पण तुमच्या बोर्डावरची चिप CH340 नाही, दुसरीच आहे. पहिल्या वेळी केबल बदलावी लागते, दुसऱ्या वेळी ड्रायव्हर. तोच ड्रायव्हर पुन्हा टाकून दोन्हींत काही फरक पडत नाही. म्हणून बोर्ड चांगला की खराब हे नंतर ठरवू. आधी एवढंच शोधायचं, की काहीतरी जोडलं गेलंय हे संगणकाला कळतंय का?

माझं कुडाळला दुरुस्तीचं दुकान आहे आणि शाळा-कॉलेजातली मुलं असे बोर्ड घेऊन सतत येतात. येताना वाक्य ठरलेलं असतं, "काका, लाइट लागता, पण पोर्ट काय येना नाय." म्हणून सुरुवात त्या लाइटपासूनच करतो.

यूएसबीच्या साध्या केबलीत चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्ट येतात, काळी ग्राउंडची, आणि हिरवी व पांढरी या दोन डेटाच्या. हिरवीला डी प्लस म्हणतात, पांढरीला डी मायनस. बोर्डावरचा लाल दिवा लागायला फक्त लाल आणि काळी तार पुरते. तेव्हा दिवा लागला याचा अर्थ दोन तारा शाबूत आहेत आणि बोर्डावरचा व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर काम करतोय. हिरव्या-पांढरीबद्दल तो दिवा काहीच सांगत नाही. आणि बाजारात अशा कितीतरी केबली आहेत ज्यांत हिरवी-पांढरी घातलेलीच नसते, कारण त्या फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या असतात. पॉवर बँकेबरोबर येणारी वीतभर केबल, टॉर्चबरोबरची, ट्रिमरबरोबरची, पंख्याबरोबरची. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी येतात आणि जाताना अशा दोन-तीन केबली घरात राहतात. खणात हात घातला की नेमकी तीच हाताला लागते. बाहेरून बघून ओळखता येत नाही, कारण चार्जिंगच्या केबलीच्या चपट्या टोकातही बहुतेक वेळा चारही पट्ट्या असतात. आत मात्र दोनच तारा.

आता बोर्डाकडे बघा. पत्र्याचं झाकण आणि एका कडेला नागमोडी अँटेना असलेला मोठा तुकडा म्हणजे ईएसपी३२. यूएसबीच्या खाचेजवळ आणखी एक छोटी काळी चिप दिसेल, ती यूएसबी आणि सिरियल यांमधली दुभाषी. तुमच्यासारख्या बोर्डावर संगणकाशी बोलते ती ही दुभाषी चिप. पोर्ट तिच्या नावाने उघडतो, ईएसपी३२ च्या नाही. ईएसपी३२ मध्ये प्रोग्राम नसला, चुकीचा असला, अगदी ती जळलेली असली आणि वीज मात्र नीट मिळत असली, तरी पोर्ट दिसायला हवा. म्हणून बूट बटण दाबून ठेवणे, आयडीई नव्याने टाकणे, बोर्डाचं नाव बदलून बघणे यांतलं काहीही सध्या करू नका. ते उपाय पोर्ट दिसल्यानंतर अपलोड अडलं तर कामाला येतात.

पहिली चाचणी दोन मिनिटांची आहे. लॅपटॉपचा आवाज चालू ठेवा. स्टार्टच्या चिन्हावर राइट क्लिक करून Device Manager उघडा. बोर्ड हबमधून न लावता सरळ लॅपटॉपच्या खाचेत लावा, काढा, पुन्हा लावा, आणि प्रत्येक वेळी यादीकडे बघत राहा. आयडीई उघडायची गरज नाही. ती विंडोजने दिलेली यादीच दाखवते, तिला स्वतःला बोर्ड दिसत नसतो.

यातून जे दिसेल त्यावर पुढचं सगळं ठरतं. यादी हललीच नाही आणि जोडल्याचा आवाजही आला नाही, तर संगणकाला काहीच कळलेलं नाही. यादीत `Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)` अशी ओळ आली, तर काहीतरी आलंय हे कळलं, पण कोण आलंय ते विचारल्यावर धड उत्तर मिळालं नाही. आणि `Other devices` खाली पिवळ्या त्रिकोणासह चिपचं नाव आलं, तर ओळख व्यवस्थित पटलीय, फक्त ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर हा उपाय फक्त या तिसऱ्या परिस्थितीत लागू पडतो. पहिल्या दोन परिस्थितींत विंडोजला कुठला ड्रायव्हर लावायचा हेच माहीत नसतं, कारण त्यासाठी लागणारा ओळख क्रमांक चिपकडून आलेलाच नसतो.

हे तीन प्रकार का होतात ते थोडं खोलात सांगतो, कारण हे एकदा समजलं की पुढे अंदाजाने काही करावं लागत नाही. संगणकाच्या खाचेत डी प्लस आणि डी मायनस या दोन्ही तारा प्रत्येकी १५ किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडकडे खाली ओढून ठेवलेल्या असतात. तुमच्या बोर्डावरच्या चिपमध्ये डी प्लसवर साधारण १.५ किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो तार ३.३ व्होल्टकडे वर ओढतो. बोर्ड लावला की १.५ किलोओहमची ओढ जिंकते आणि डी प्लस वर जाते. संगणकाच्या दृष्टीने ही दारावरची थाप. मग तो विचारतो, कोण आहे? हा प्रश्न आणि त्याचं उत्तर मात्र दोन्ही तारांवरून जातं.

म्हणून हिरवी तार तुटलेली असेल, किंवा दोन्ही डेटा तारा नसतील, तर थापच ऐकू येत नाही आणि पूर्ण शांतता असते. हिरवी चांगली आणि पांढरी तुटलेली असेल तर थाप ऐकू येते पण उत्तर समजत नाही, आणि मग ती `Unknown USB Device` ची ओळ येते. तुमच्याकडे जर पूर्ण शांतता असेल, आणि वर्णनावरून मला तसंच वाटतंय, तर पहिला संशय केबलीवर.

केबल तपासायला मल्टिमीटर लागत नाही. मायक्रो यूएसबीचा जुना अँड्रॉइड फोन घरात असेल तर तीच केबल, लॅपटॉपच्या त्याच खाचेतून, फोनला लावा. फोन अनलॉक करा, वरची सूचना खाली ओढा आणि `File transfer` निवडा. लॅपटॉपवर फोनमधले फोटो उघडले, तर केबलीच्या चारही तारा आणि लॅपटॉपची खाच दोन्ही ठीक आहेत. नुसतं चार्जिंग सुरू झालं आणि निवडायला पर्यायच आला नाही, तर ती केबल बाजूला काढा आणि दोरा बांधून खूण करा, म्हणजे ती पुन्हा बोर्डाच्या वाट्याला येणार नाही. उलट बाजूनेही करून बघा: ज्या केबलीने फोनचे फोटो संगणकावर घेतल्याचं घरात कुणाला आठवतंय, ती मागून घ्या आणि बोर्डाला लावा. दुकानातून नवी घेणार असाल तर "डेटा केबल" म्हणून मागा आणि तिथल्या तिथे दुकानदाराच्या संगणकावर फोन जोडून बघा. जाड आणि महाग केबल म्हणजे डेटाची केबल असं काही नसतं.

एक सूचना. फोनचे फोटो दिसले पण बोर्ड लावल्यावर मात्र शांतता, असंही होऊ शकतं. फोनच्या खाचेत टोक घट्ट बसतं आणि बोर्डाच्या खाचेत ते अर्धा मिलिमीटर बाहेर राहतं, विशेषतः बोर्ड प्लॅस्टिकच्या डबीत बसवला असेल तर. वीज जोडली जाते, डेटाच्या पिना सुटतात. बोर्ड डबीतून बाहेर काढा आणि टोक शेवटपर्यंत आत गेलंय का ते उजेडात बघा.

केबल बदलल्यावर टुंग आवाज आला आणि पिवळा त्रिकोण दिसला, तर अर्ध्याहून अधिक काम झालं. आता ड्रायव्हरची पाळी. पण कुठला, ते व्हिडिओवरून ठरवू नका. एकाच नावाने विकले जाणारे, एकाच रंगाचे ईएसपी३२ बोर्ड वेगवेगळ्या दुभाषी चिपा लावून येतात. व्हिडिओतल्या माणसाच्या बोर्डावर CH340 असेल, तुमच्यावर CP2102 असू शकते. त्रिकोणावर डबल क्लिक करा, `Details` मध्ये जा, खालच्या यादीतून `Hardware Ids` निवडा. तिथे चिपचा क्रमांक दिसतो. `VID_10C4&PID_EA60` असेल तर ती CP2102 किंवा तिच्या घराण्यातली. `VID_1A86&PID_7523` असेल तर CH340. `VID_1A86&PID_55D4` असेल तर CH9102, म्हणजे CH340 बनवणाऱ्यांचीच, पण वेगळी चिप. हा क्रमांक चिप स्वतः सांगते, म्हणून विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा याच्यावर विश्वास ठेवा.

डोळ्यांनीही ओळखता येते. CH340 च्या नेहमीच्या प्रकारांना दोन्ही बाजूंना आठ-आठ पाय असतात. CP2102 चौकोनी, साधारण ५ मिलिमीटरची, आणि तिला बाहेर आलेले पायच नसतात. अक्षरं पुसट असतात. मोबाइलचा कॅमेरा झूम करून, टॉर्च वरून न मारता बाजूने तिरका धरला की उमटतात.

तुमच्या बोर्डावर CP2102 निघाली असं समजू. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे इंटरनेट चालू असताना Device Manager मध्ये त्या ओळीवर राइट क्लिक करून `Update driver`, आणि मग आपोआप शोधायचा पर्याय. नाही मिळाला तर चिप बनवणाऱ्या सिलिकॉन लॅब्सच्या स्वतःच्या साइटवरून `CP210x Universal Windows Driver` घ्या. तो झिप फाइलमध्ये येतो, आणि इथे बरेच जण अडकतात. झिपच्या आत डोकावून तिथूनच फाइल चालवली तर तिला शेजारच्या फायली सापडत नाहीत. आधी राइट क्लिक करून `Extract All` करा, मग उघडलेल्या फोल्डरमधल्या `silabser.inf` वर राइट क्लिक करून `Install`. विंडोज ११ मध्ये हा पर्याय `Show more options` च्या आत लपलेला असू शकतो. बोर्ड एकदा काढून लावा. `Ports (COM & LPT)` खाली `Silicon Labs CP210x USB to UART Bridge (COM5)` अशी ओळ येईल. आकडा ५ च असेल असं नाही. बोर्ड काढल्यावर जो आकडा नाहीसा होतो आणि लावल्यावर परत येतो, तोच आयडीईत निवडायचा. लॅपटॉपच्या ब्लूटूथचेही COM पोर्ट कधीकधी यादीत असतात. ते बोर्ड काढला तरी जागचे हलत नाहीत, यावरून ओळखा.

टाकलेला CH340 चा ड्रायव्हर काढायची गरज नाही. दोघांचे क्रमांक वेगळे, ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

आता मधल्या प्रकाराबद्दल, `Unknown USB Device` बद्दल. तुमचा बोर्ड नवा आहे म्हणून कदाचित तुम्हाला याची गरज पडणार नाही, पण किनाऱ्यावर राहून हा छंद करायचा तर आज ना उद्या पडेल. मागे एका पावसाळ्यात वेंगुर्ल्याहून एक मुलगा आला होता. घरच्या काजूबियांच्या गोदामात हवेतला ओलावा मोजायला त्याने ईएसपी३२ लावला होता, मार्चपासून व्यवस्थित चालत होता. जुलैत प्रोग्राम बदलायला लॅपटॉपला लावला तर हीच ओळ आणि `Code 43`. त्याने बिचाऱ्याने विंडोज पुसून नव्याने टाकलं होतं. दोन दिवस गेले, काही फरक नाही.

मी आधी त्याची केबल बदलली. तीच ओळ. त्याच्या केबलीने माझा बोर्ड त्याच्याच लॅपटॉपला लावला, तो लगेच दिसला. म्हणजे लॅपटॉप, विंडोज, केबल तिन्ही सुटले आणि दोष त्याच्या बोर्डावर आला. असं एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलं की वाद उरत नाही. भिंगातून खाच बघितली तर पिनांच्या मुळाशी मोरचुदासारखा निळसर हिरवट गंज. एका टाकाऊ डेटा केबलीचं लॅपटॉपकडचं टोक कापून आतल्या तारा सोलल्या, मायक्रो टोक त्याच्या खाचेत लावलं आणि मल्टिमीटरने चिपच्या पायापर्यंत जोड मोजला. त्याची चिप CH340G होती, तिच्यात ५ नंबरचा पाय डी प्लसचा आणि ६ नंबरचा डी मायनसचा. हिरव्या तारेपासून ५ नंबरपर्यंत एक ओहमच्या आत. पांढऱ्या तारेपासून ६ नंबरपर्यंत आकडा स्थिरच होईना, केबल जरा हलवली की काही ओहमवरून किलोओहममध्ये उडी. थाप ऐकू येत होती, उत्तर समजत नव्हतं, ते यामुळे.

बोर्डाची वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने खाच तीन-चारदा धुतली, तासभर पंख्याखाली वाळवली. पुन्हा मोजलं तेव्हा पांढरी तारही एक ओहमच्या आत आली, आणि बोर्ड लावताच पोर्ट दिसला. सँडपेपर किंवा ब्लेडने खरवडायचा मोह टाळा. पिनांवरचा मुलामा अगदी पातळ असतो, तो गेला की पुढचा गंज आणखी लवकर चढतो.

हे किनाऱ्यावर का होतं त्याचं कारण मीठ. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण खाचेत बसतात. कोरड्या हवेत ते गप्प असतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वर असते. मग पिनांवर खाऱ्या पाण्याचा थर तयार होतो. मायक्रो यूएसबीत ५ व्होल्टची पिन आणि डी मायनसची पिन अगदी शेजारी असतात. बोर्ड सतत विजेवर असेल तर त्या थरातून बारीक प्रवाह चालू राहतो आणि धातू खाल्ला जातो. म्हणून कायम बसवायच्या बोर्डाला वीज यूएसबीच्या खाचेतून न देता व्हीआयएन आणि ग्राउंडच्या पिनांवर सोल्डर करून देतो मी, आणि रिकामी खाच टेपने बंद करतो. मात्र लॅपटॉपला जोडताना ती बाहेरची वीज आधी काढायची, दोन्हीकडून एकदम वीज द्यायची नाही.

एवढं सगळं दुभाषी चिप वेगळी असलेल्या बोर्डांना लागू आहे. तुम्ही किंवा हे वाचणारं कुणी दुसरा बोर्ड वापरत असाल तर काही गोष्टी बदलतात. ईएसपी३२-एस३, ईएसपी३२-सी३ किंवा रास्पबेरी पाय पिको यांच्यात यूएसबी मुख्य चिपमध्येच असते. तिथे प्रोग्राम बिघडला तर पोर्टही जाऊ शकतो. कोऱ्या पिकोला तर बटण दाबून लावलं की पोर्ट येतच नाही, `RPI-RP2` नावाची ड्राइव्ह येते, आणि ते बरोबरच आहे. टाइप-सी खाचेच्या काही स्वस्त बोर्डांवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर घातलेलेच नसतात. अशा बोर्डाला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर दिवासुद्धा लागत नाही, कारण पलीकडे कुणी आहे हेच लॅपटॉपला कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. लॅपटॉपच्या बाजूला जुनं चपटं टोक असलेली केबल लावली की तोच बोर्ड चालतो.

शाळेच्या लॅबमध्ये उबंटू असेल तर तिथे ड्रायव्हर बहुधा आधीच असतो. बोर्ड लावताना हे चालू ठेवा:

```
sudo dmesg -w
```

काहीच ओळ आली नाही तर केबल. `ttyUSB0` आला आणि लगेच `disconnected` झाला, आणि मध्ये `brltty` असा शब्द दिसला, तर अंधांसाठीच्या ब्रेल यंत्राचा प्रोग्राम CH340 ला आपलं यंत्र समजून धरतोय. उबंटू २२.०४ मध्ये हे बऱ्याच जणांना भेटलं. त्या संगणकावर ब्रेल यंत्र वापरणारं कुणी नसेल तरच `sudo apt remove brltty` करा. पोर्ट टिकतो पण उघडताना परवानगी नाकारली जाते, तर `sudo usermod -aG dialout $USER` आणि एकदा लॉगआउट.

आता तुमच्या परवाच्या मुदतीकडे. आज रात्री फोन लावून केबल तपासा. खात्रीच्या केबलीने आधी तुमच्या लॅपटॉपवर, मग उद्या दुसऱ्या कुठल्याही संगणकावर, बोर्ड लावून Device Manager बघा. दुसऱ्या संगणकावर ड्रायव्हर नसला तरी चालेल, आपल्याला फक्त पिवळ्या त्रिकोणाची ओळ येते का एवढंच बघायचंय. दोन संगणकांवर, फोनने तपासलेल्या केबलीने, शांतताच असेल किंवा दोन्हीकडे `Unknown USB Device` येत असेल, तर बोर्डावरची दुभाषी चिप किंवा खाचेचा सोल्डर खराब आहे. मग वेळ न घालवता परत पाठवा, आणि त्यावर सोल्डरिंग गन अजिबात लावू नका, नाहीतर बदलून मिळणार नाही. विक्रेत्याने विचारलंच तर त्या ओळीचा आणि त्याच केबलीने फोन चालत असल्याचा फोटो जोडा.

चिपचं नाव आलं तर बोर्ड ठेवून घ्या. दुभाषी चिप बोलतेय एवढं त्याने सिद्ध होतं, आणि मुदतीच्या आत ईएसपी३२ ही तपासायची असेल तर उद्याच आयडीईच्या उदाहरणांतला `WiFiScan` अपलोड करून बघा. बोर्डाच्या यादीत `ESP32 Dev Module` निवडा आणि सिरियल मॉनिटरचा वेग ११५२०० ठेवा. घरच्या वायफायचं नाव मॉनिटरवर उमटलं की दोन्ही चिपा ठीक. स्कॅन सुरू होताच बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट व्हायला लागला आणि `Brownout detector was triggered` असं दिसलं, तर वायफाय चालू होताना लागणारा जास्तीचा प्रवाह केबलीच्या बारीक तारांतून पुरत नाहीये. तेव्हा त्याहून आखूड आणि जाड डेटा केबल लावून बघा.

कुठे अडलात तर तीन गोष्टी इथे लिहा: बोर्ड लावल्यावर आवाज आला का, यादीत नेमकी कुठली ओळ आली, आणि खाचेजवळच्या चिपवर काय अक्षरं आहेत. मी उद्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर बघतो.